मशीनमध्ये धुतल्यावर बुटाचा सोल सुटतो, वास परत येतो: नेमकं बिघडतं कुठे?

मिरग बरसला की आठ-पंधरा दिवसांत माझ्या दुकानात एकाच तक्रारीचे बूट यायला लागतात. पिशवीत ओला जोडा, पुढून तोंड उघडलेलं, आणि सांगणं एकच: ‘मशीनमध्ये टाकला आणि सोल सुटला.’ काहींचा सोल शाबूत असतो, पण तीनदा धुऊनही वास जात नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच माणसं येतात, जोडा दुसरा, तक्रार तीच.

मी बारा वर्षं बूट बनवणाऱ्या कारखान्यात सोल चिकटवण्याच्या खात्यात होतो. आता रत्नागिरीत दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोड्यांना ड्रमच्या फिरण्यानं काही झालेलं नसतं. काही जोडे मशीनमध्ये जाण्याआधीच संपलेले असतात, काही गरम पाण्यानं जातात आणि उरलेले धुतल्यानंतर नीट न वाळल्यानं. कारण कोणतं ते बूट हातात घेऊन ओळखता येतं.

गेल्या वर्षी हे आमच्याच घरात झालं. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर पळतो. त्याचे बूट दोन वर्षांचे, जाळीच्या कापडाचे, रोज घासून घासून तळ झिजलेला. वहिनीनं ते मशीनमध्ये टाकताना जागा आहे म्हणून दादाचाही एक जोडा टाकला. हा जोडा आठ वर्षांपूर्वी घेतलेला, जेमतेम दहा-पंधरा वेळा घातलेला, मग खोक्यात घालून कपाटावर ठेवलेला. दिसायला नवा कोरा.

एकच मशीन, एकच पाणी, एकच साबण. पुतण्याचे झिजलेले बूट धडधाकट बाहेर आले. दादाच्या नव्या कोऱ्या बुटांचा मधला थर चहात बुडवलेल्या बटरसारखा विरघळला होता. ड्रमभर राखाडी चुरा, पाणी तुंबलेलं, मशीन मध्येच थांबलेली. ‘भावोजी, मशीननं खाल्लान सोल!’ वहिनी मला बोलवायला आली ती हे म्हणतच.

मशीननं खाल्ला नव्हता. बुटाच्या वरच्या कापडात आणि खालच्या रबरात जो फोमचा जाड थर असतो, तो मुख्यतः दोन प्रकारचा असतो. हलका, थोडा स्पंजासारखा असतो तो ईव्हीए. पुतण्याच्या बुटांत तो होता, आणि पळायच्या बऱ्याच बुटांत तोच असतो. दुसरा थोडा जड, दाट, तो पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. चालायचे, डोंगर चढायचे आणि काही जुन्या पद्धतीचे जाड तळाचे बूट या पीयूचे असतात. पीयूच्या बऱ्याच प्रकारांना पाणी तोडतं. त्यासाठी बूट पाण्यात बुडावा लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. पाण्याचे कण फोममध्ये शिरतात आणि त्याच्या लांब साखळ्या एकेका जागी कापत जातात. ऊब असेल तर हे काम आणखी वेगानं होतं. कोकणात ऊब आणि दमटपणा दोन्ही बारमाही, म्हणून कोरड्या गावात जो जोडा जास्त वर्षं टिकला असता तो इथं कपाटावर बसल्याबसल्या लवकर संपतो. बूट न घातल्यानं तो जपला जातो हा समज पीयूच्या बाबतीत खोटा आहे. दादाच्या जोड्याचा शेवट कपाटावरच झाला होता, मशीननं फक्त तो उघड केला.

ही परीक्षा धुण्याआधी अर्ध्या मिनिटात होते. बुटाच्या बाजूनं मधल्या थरावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगला फोम दबतो आणि परत वर येतो. संपलेला फोम दबलेलाच राहतो, चिकट लागतो, नाहीतर त्याची पूड नखाला येते. मग बूट पुढच्या बाजूनं दुमडा आणि त्या वाकलेल्या जागी बघा. आडव्या बारीक भेगा दिसल्या तर तो जोडा पाण्याला दाखवू नका. हातानं धुतला तरी तुटेल, चार दिवस घालून फिरलात तरी तुटेल. असा चुरा मशीनमध्ये झालाच, तर खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडून पंपाची गाळणी साफ करावी लागते. आधी मशीन बंद करून प्लग काढा आणि खाली पसरट परात ठेवा, कारण अडलेलं सगळं पाणी तिथून येतं. नंतर एकदा रिकामी मशीन चालवा, नाहीतर तो चुरा पुढच्या धुण्यातल्या कपड्यांवर दिसतो.

पुढून तोंड उघडलं असेल तर

पंधरा दिवसांनी पुतण्याच्या त्याच चांगल्या जोड्याचं उजव्या पायाचं टोक उघडलं. या वेळी बूट त्यानं स्वतः लावले होते. सोबत टॉवेल आणि चादरी होत्या, म्हणून टॉवेलचा कार्यक्रम निवडला. त्यात पाणी ६० अंशांपर्यंत तापतं.

६० अंशांना काय होतं ते मी रोज आठ तास बघितलंय. कारखान्यात सोल चिकटवताना दोन्ही बाजूंना पीयूचा गोंद लावतात आणि तो वाळू देतात. वाळलेला गोंद हाताला कोरडा लागतो, चिकटत नाही. मग दोन्ही भाग छोट्या भट्टीतून नेतात. साधारण ६० अंशांच्या आसपास तो कोरडा गोंद पुन्हा जागा होतो, मऊ आणि चिकट होतो. त्याच क्षणी सोल वरच्या भागावर बसवून यंत्रानं दाबतात आणि लगेच थंड करतात. म्हणजे उष्णतेनं मऊ होणं हा या गोंदाचा गुणच आहे, त्यावरच सगळं काम चालतं. चांगल्या जोड्यात गोंदात हार्डनर मिसळलेला असतो, त्यामुळे पुढे तो उष्णतेला बराच टिकतो. स्वस्त जोड्यात हार्डनर कमी असतो किंवा नसतोच. असा बूट तुम्ही ६० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलात, वर ड्रममध्ये आपटलात, की कारखान्यात जे जोडलं ते उलट्या दिशेनं सुटायला लागतं. आणि सुटतं ते टोकाकडून, कारण चालताना बूट तिथंच वाकतो आणि ताण तिथंच असतो.

खूण सोपी आहे. उघडलेल्या फटीत बघा. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतील, गोंदाचा पातळ पापुद्रा दिसत असेल, फोम शाबूत असेल, तर उष्णतेनं किंवा जुनेपणानं गोंद सुटलाय. हा बूट वाचतो. फोमचाच थर फाटून अर्धा इकडे अर्धा तिकडे राहिला असेल, तर तो फोमचा आजार आहे आणि त्यावर गोंद लावून पैसे घालवू नका.

तेव्हा पाणी साधं, नाहीतर जास्तीत जास्त ३० अंश. घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर पाणी आपणच ओततो, म्हणून हा धोका कमी. पण ‘वास जाईल’ म्हणून बंबातलं कढत पाणी ओतणारे लोक मी बघितलेत. तसं करू नका.

मशीनमध्ये काय जातं, काय जात नाही

चामडं जात नाही. धुण्यानं त्यातलं तेल निघून जातं, वाळल्यावर ते लाकडासारखं होतं. मखमलीसारखं केसाळ चामडं तर अजिबात नाही. रेक्झिनच्या बुटाचा वरचा थर आधीच सोलवटायला लागला असेल तर तोही नाही. जाळीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूट, हे जातात. बुटाच्या जिभेच्या आत चिठ्ठी असते, तिच्यावर धुण्याची मनाई असेल तर ती पाळा.

पण एक गोष्ट चिठ्ठीवर नसते. आतला सुटा तळवा, म्हणजे इनसोल, उचलून खाली बघा. कडेनं शिलाई घातलेलं कापड दिसलं तर बूट पाणी सोसतो. कापडाऐवजी तपकिरी कडक पुठ्ठा दिसला तर मशीन नको. बाजारात कमी किमतीत मिळणाऱ्या बऱ्याच बुटांत हा पुठ्ठा असतो. भिजला की फुगतो, वाळताना वाकडा होतो, आणि मग पायाच्या चवड्याखाली कायमचा उंचवटा राहतो. शाळेचे बूट धुतल्यावर ‘आतून टोचतं’ म्हणून मुलं रडतात ती यामुळे. इनसोल चिकटवलेलाच असेल तर टाचेकडून जरासा उचलून डोकावता येतं. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

धुण्याची माझी रीत अशी. चिखल लागलेला असेल तर आधी वाळू देतो. आपली तांबडी माती फार बारीक, ओली असताना घासली की जाळीच्या धाग्यात आणखी आत बसते. वाळली की ब्रशनं झडते. मग बूट एकमेकांवर आपटून वाळू काढतो, कारण तीच वाळू मशीनच्या दाराच्या रबरात साठते आणि पंपात जाते. नाड्या आणि इनसोल बाहेर काढून हातानं धुतो. इनसोलचा स्पंज एकदा मशीनमध्ये भिजला की पावसात वाळतच नाही. जोडा उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधतो आणि सोबत दोन-तीन जुने टॉवेल टाकतो. ते आपटणं कमी करतात आणि फिरताना वजन सारखं ठेवतात. एका वेळी एक जोडा, फार तर दोन. साबण द्रवरूपच, एक ते दीड मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. पावडर फोमच्या छिद्रांत अडकते आणि खळबळून निघत नाही. कपडे मऊ करायचं सुवासिक द्रव घालू नका. त्याचा थर आत बसतो, त्यात घाम मुरतो आणि वास दुप्पट होतो. नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, एक खळबळणं जास्तीचं, आणि पिळणं ४०० ते ६०० फेऱ्यांवर.

पिळणं पूर्ण बंद ठेवा असा सल्ला बरेच जण देतात. कोरड्या हवेत तो ठीक आहे. आपल्याकडे जुलैमध्ये न पिळलेला बूट चार दिवस ओला राहतो, आणि तो ओलेपणा बुटाला पिळण्यापेक्षा जास्त मारतो. फक्त सेमी-ऑटोमॅटिकच्या सुकवण्याच्या छोट्या टाकीत बूट उघडे टाकू नका. तिचा वेग जास्त असतो आणि तो कमी करता येत नाही. दोन्ही बूट वेगवेगळ्या टॉवेलात गुंडाळून समोरासमोर ठेवा, वरची जाळी बसवा, अर्धं मिनिट फिरवा आणि थांबवा.

धुऊनही वास परत येतो तेव्हा

हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर जितका आहे तितका घाटावर नाही, आणि त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुतण्याचे बूट लाटांत भिजायचे. घरी आल्यावर तो ते पंख्याखाली ठेवायचा. रात्री कोरडे वाटायचे, सकाळी पुन्हा गार, ओलसर, कुबट. मशीनमध्ये धुतले तरी चार दिवसांत तेच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बूट वाळतो तेव्हा पाणी उडतं, मीठ आत राहतं. आणि मिठाचा स्वभाव असा, की हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ते यामुळेच. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवा बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे मीठ भरलेला बूट त्या दिवसांत पूर्ण वाळूच शकत नाही, मग पंखा कितीही वेळ चालवा. घामातही मीठ असतं, म्हणून समुद्रावर न जाणाऱ्यांच्या बुटालाही हे थोड्या प्रमाणात होतं. ओलसर फोममध्ये वास करणारे जंतू वाढत राहतात आणि आपण साबण वाढवत राहतो.

मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हे मोजून बघितलं. पुतण्याचा एक बूट उन्हाळ्यात कोरडा असताना २८५ ग्रॅम भरला होता. खारं पाणी लागल्यावर नुसता पंख्याखाली ठेवलेला तोच बूट दोन दिवसांनी ३०९ ग्रॅमवर येऊन अडकला, पुढे उतरेना. रात्रभर पाऊस पडला की उलट तीन-चार ग्रॅम वाढायचा. मग तो बादलीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवला, दाबून पाणी काढलं, पुन्हा ताज्या पाण्यात, असं तीनदा केलं. साबण अजिबात नाही. नंतर वर सांगितल्याप्रमाणे मशीनमध्ये धुतला. पिळून बाहेर आला तेव्हा ४१० ग्रॅम होता. बारा तासांनी ३३० आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २८८. त्या दिवशी घातला, वास नाही. आठवड्यानं पुन्हा हुंगला, तरी नाही.

म्हणून वास परत येत असेल तर आधी गोडं पाणी, मग साबण. समुद्रावर बूट भिजले की त्याच दिवशी नळाखाली धरून खळबळावेत, मशीनची वाट बघू नये. आणि वाळला की नाही हे हातानं ठरवू नका. कोरड्या दिवसांत एकदा बुटाचं वजन करून आतल्या चिठ्ठीवर पेनानं लिहून ठेवा. त्याच्या पाच-सात ग्रॅम जवळ आला की वाळला.

वाळवायची जागा म्हणजे पडवीत किंवा खोलीत, पंख्यासमोर. जीभ पूर्ण बाहेर ओढलेली, बूट टाचेवर उभा, तोंड वाऱ्याकडे. आत जुनं सुती कापड किंवा कोरा कागद कोंबा आणि पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी बदला, भिजलेला कागद आत ठेवून काही उपयोग नाही. पांढऱ्या बुटात वर्तमानपत्र नको, शाई उतरते. चुलीजवळ किंवा उघडीप मिळाली म्हणून तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका. ईव्हीए पाण्याला घाबरत नाही, पण उष्णतेनं आकसतो. बूट अर्धा नंबर लहान झाल्यासारखा वाटतो तो यामुळे, आणि टाचेकडे गोंद सुटतो तोही.

पांढरा बूट पिवळा किंवा तांबूस झाला असेल तर

तांबूस आणि पिवळा हे दोन वेगळे डाग आहेत. तांबूस डाग मातीतल्या लोहाचा, जांभ्याला रंग देणाऱ्याच लोहाचा. त्याला साबण लागू पडत नाही, आणि क्लोरिनचं ब्लीच लावलंत तर तो डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल, डागावर पंधरा मिनिटं ठेवून मऊ ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. कोपऱ्यात अगदी लपलेल्या जागी आधी करून बघा.

पिवळा डाग बहुतेकदा राहिलेल्या साबणाचा. बूट वाळताना पाणी आतून बाहेर येतं आणि विरघळलेला साबण जाळीच्या पृष्ठभागावर आणून सोडतं. थेट उन्हात तो पिवळा पडतो. अशा वेळी पुन्हा साबण न लावता नुसत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळा, शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरा व्हिनेगर घाला, पुन्हा एकदा साधं पाणी. मग बाहेरून पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून सावलीत वाळवा. पिवळेपणा कागदावर येतो.

सुटलेला सोल घरी बसवायचा असेल तर

फोम शाबूत असेल तरच. सगळ्यात जास्त चूक इथं होते, ती घाईची. बूट त्या कोरड्या वजनावर येईपर्यंत थांबा, ओलसर पृष्ठभागावर कोणताही गोंद धरत नाही. फटीतला जुना पापुद्रा पॉलिश पेपरनं घासून काढा, दोन्ही बाजू खरखरीत करा, स्पिरिटच्या कापसानं पुसा. बुटांसाठीचा लवचिक गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि फट उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. लगेच दाबू नका. गोंद बोटाला चिकटेनासा झाला की केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा अर्धं मिनिट द्या, दाबा, आणि सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळून चोवीस तास सोडा. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच धावेत, बूट वाकतो तिथं, तडकतो. पुतण्यानं आधी तोच लावून बघितला होता. तो थर खरवडून काढायला मला सोल चिकटवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.